‘निवड झाली नाही’ हे आपल्याच माणसाला कसं लिहावं

आजचा विषय अर्ध्या पानाचा आहे. कंपनीत आधीपासून काम करणाऱ्या माणसाने आतल्याच एका नव्या जागेसाठी अर्ज केला, मुलाखत दिली, आणि त्याची निवड झाली नाही. हे त्याला लिहून कळवायचं आहे. एवढंच. पण गेली बावीस वर्षं मी कारखान्यांच्या एचआर विभागात काम करतोय आणि सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं पत्र कुठलं, असं मला विचारलंत तर मी याच पत्राचं नाव घेईन.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. नोकरीतलं माझं तिसरं वर्ष होतं. असं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मी काय केलं, तर बाहेरच्या उमेदवारांना पाठवायचा जो ठरलेला मसुदा होता तोच उचलला. इंग्रजीत तीन ओळी. आपल्याला कळवण्यास खेद होतो, आपली निवड होऊ शकली नाही, आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. नाव बदललं आणि पाकीट लाईनवर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी सुटली आणि तो माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात पत्र. म्हणाला, ‘साहेब, माझा हिशोब कधी होणार?’

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. त्याने ते पत्र रात्री कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. त्यात भावी वाटचालीला शुभेच्छा दिल्या होत्या. आता ज्या माणसाला उद्या त्याच मशीनवर यायचंय, त्याला तुम्ही भावी वाटचालीच्या शुभेच्छा देता म्हणजे त्याने काय समजायचं? कामावरून काढलं, असंच ना. त्याने रात्रभर तेच धरून काम केलं होतं. (सभागृहात हशा.) आज आपण हसतोय, पण त्याच्या बायकोलाही फोन गेला होता.

त्या सकाळी मला या पत्रातला फरक कळला. बाहेरच्या उमेदवाराला नकार कळवला की आपला त्याचा संबंध संपतो. आतल्या माणसाला नकार कळवला की दुपारी तो आपल्याच पुढे कॅन्टीनच्या रांगेत उभा असतो. निवड कुणाची झाली हे त्याला माहीत असतं, कदाचित त्याच माणसाच्या हाताखाली त्याला काम करायचं असतं. आणि त्याने अर्ज केला होता हे त्याच्या सुपरवायझरला, म्हणजे हळूहळू सगळ्या लाईनला ठाऊक असतं. म्हणून हे पत्र वाचताना त्याच्या मनात तीन प्रश्न असतात. माझ्या आहे त्या जागेला धक्का आहे का? मला का घेतलं नाही? आणि आता इथे माझं पुढे काही आहे का? पत्राने या तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. बाकी सगळं शोभेचं.

यातला तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. जे. आर. केलर आणि कॅथरिन डलुगोस या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका फार मोठ्या कंपनीतले, पाच वर्षांतले, नऊ हजारांहून जास्त अंतर्गत नकार तपासले. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी अर्जच केला नव्हता किंवा ज्यांची निवड झाली, त्यांच्या तुलनेत नकार मिळालेले लोक कंपनी सोडून जाण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. पण त्यातही एक फरक होता. जे थेट त्या विभागाच्या प्रमुखाच्या मुलाखतीपर्यंत पोचले आणि मग नाकारले गेले, ते आधीच्या टप्प्यावर गळलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रमाणात सोडून गेले. एकाच कंपनीचा अभ्यास आहे, तो सगळीकडे तंतोतंत लागू होईल असं नाही. पण मुद्दा पटण्यासारखा आहे. नकार मिळाल्यावर माणूस नुसतं आजचं पाहत नाही, पुढच्या वेळेला माझा नंबर लागण्यासारखा आहे का, हे तो त्या नकारातून वाचायचा प्रयत्न करतो.

आता एक उदाहरण घेऊ आणि त्याचं पत्र प्रत्यक्ष लिहू. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे असं धरा. चाकणला जा, वाळूजला जा, असे शेकड्यांनी आहेत. तिथे एक लाईन इन्स्पेक्टर आहे, नऊ वर्षं काम करतोय, हात आणि नजर दोन्ही पक्के. कंपनीत ‘कस्टमर क्वालिटी इंजिनिअर’ ही जागा निघाली. म्हणजे ग्राहक कंपनीकडून तक्रार आली की तिच्या मुळाशी जायचं, उपाय करायचा आणि त्याचा आठ टप्प्यांचा लेखी अहवाल ग्राहकाला द्यायचा. याला कारखान्यात एट-डी म्हणतात. आपल्या इन्स्पेक्टरने अर्ज केला.

मुलाखतीत पॅनेलने त्याला एक जुनी तक्रार दिली, सोबत त्या वेळचे कागद. तक्रार अशी की १२ मिलिमीटरच्या भोकात ग्राहकाची पिन जात नाही, कारण काही नगांची भोकं लहान आहेत. आपल्या इन्स्पेक्टरने कागद पाहिले आणि सांगितलं, ऑपरेटरने तपासणी नीट केली नाही, त्याला पुन्हा ट्रेनिंग द्यायला हवं.

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं पत्र यावर उभं आहे. भोक तपासायला प्लग गेज वापरतात. त्याला दोन टोकं असतात. एक ‘गो’, ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, ते जाता कामा नये. गो टोक प्रत्येक चांगल्या नगात आत-बाहेर होतं, त्यामुळे तेच जास्त झिजतं. झिजलं की ते बारीक होतं. आणि बारीक झालेलं गो टोक लहान भोकातही आरामात जातं. म्हणजे ऑपरेटर प्रामाणिकपणे तपासतोय, गेज ‘ठीक’ म्हणतंय, आणि खराब नग पुढे जातोय. त्या कागदांत तपासणी केल्याच्या ऑपरेटरच्या सह्या होत्या. गेजच्या कॅलिब्रेशनची नोंदही होती. ते वर्षातून एकदाच होत होतं, त्या गेजने रोज किती नग तपासले जातात याचा हिशोब न धरता. खरं कारण तिथे होतं. आपला माणूस ऑपरेटरपाशी थांबला. ट्रेनिंग कितीही दिलं असतं तरी तीच तक्रार पुन्हा आली असती.

पॅनेलने गुण दिले आणि तो मागे पडला. आता पत्र लिहायचं. इथे पहिली अडचण येते ती ही, की बहुतेक ठिकाणी पॅनेलच्या कागदावर फक्त आकडे असतात. ‘विश्लेषण: ५ पैकी २.’ या दोनातून पत्र लिहिता येत नाही. आठवड्याने एचआरचा माणूस पॅनेलला विचारतो, काय कमी पडलं हो? उत्तर येतं, ‘तसा चांगला आहे, पण जरा अनुभव कमी वाटला.’ आणि ते ‘अनुभव कमी’ पत्रात जातं. नऊ वर्षं झालेल्या माणसाला! म्हणून मी एक नियम केलाय. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक आकड्यासमोर एक वाक्य लिहायचं: उमेदवार काय म्हणाला किंवा त्याने काय केलं. पत्र खरं तर तिथेच तयार होतं.

आता पत्र वाचून दाखवतो. हे मराठीत आहे, कारण वाचणारा मराठीत विचार करतो. त्याला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं तर पत्रातला मान तिथेच संपला.

‘कस्टमर क्वालिटी इंजिनिअर या जागेसाठी तुम्ही अर्ज केलात आणि मंगळवारी मुलाखत दिलीत. या जागेसाठी या वेळी तुमची निवड झालेली नाही. आज सकाळी आपलं जे बोलणं झालं ते तुमच्याकडे लेखी असावं म्हणून हे पत्र देतो आहे. या अर्जाचा तुमच्या सध्याच्या जागेवर, पगारावर किंवा वार्षिक मूल्यमापनावर काहीही परिणाम होणार नाही.

मुलाखतीत आम्ही चार गोष्टी पाहिल्या. मापन आणि ड्रॉइंगचं ज्ञान, तक्रारीचं मूळ कारण शोधणं, अहवाल लिहिणं, आणि ग्राहकाशी बोलणं. मापन आणि ड्रॉइंग यांत तुमची तयारी पूर्ण आहे. दिलेल्या ड्रॉइंगमध्ये एक माप सुटलेलं होतं, ते कुणी न सांगता तुम्ही दाखवून दिलंत.

निर्णय मूळ कारणाच्या मुद्द्यावर झाला. भोक लहान असल्याच्या तक्रारीत तुम्ही ऑपरेटरची चूक हे कारण दिलंत आणि पुन्हा ट्रेनिंग हा उपाय सुचवलात. तपासणी केल्याची नोंद कागदांत होती. तपासणी होऊनही नग पुढे कसे गेले, हा पुढचा प्रश्न तुम्ही घेतला नाहीत, त्यामुळे गेजच्या नोंदीकडे जाता आलं नाही. या जागेवर असा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, म्हणून आम्हाला ही कमतरता मोठी वाटली.

याची तयारी करायची तुमची इच्छा असेल, तर पुढच्या तीन महिन्यांत तुमच्या लाईनवरच्या दोन तक्रारींचे एट-डी अहवाल तुम्ही आपल्या कस्टमर क्वालिटी विभागाबरोबर बसून लिहावेत. त्यासाठी आठवड्यातून दोन तास जनरल शिफ्टमध्ये देण्याचं तुमच्या सुपरवायझरनी मान्य केलं आहे. दोन्ही अहवाल मी स्वतः वाचीन आणि १५ सप्टेंबरला आपण त्यावर बोलू. ही पुढच्या निवडीची हमी नाही. अशी जागा पुन्हा निघाली तर तुम्हाला अर्ज करता येईल आणि त्या वेळच्या सर्व अर्जदारांबरोबर तुमचा विचार होईल.

या पत्रातलं काही पटलं नसेल तर मला येऊन सांगा.’

खाली सही क्वालिटी विभागाच्या प्रमुखाची. एचआरची नाही. ज्याने निर्णय घेतला त्याने सही करायची.

आता यातल्या काही जागा पाहू. नकार दुसऱ्याच वाक्यात आहे. पुष्कळ जण आधी कौतुकाचा एक परिच्छेद लिहितात, त्यांना वाटतं माणसाला बरं वाटेल. पण वाचणारा ते कौतुक वाचतच नाही, तो ‘पण’ शोधत खाली धावतो. नकार आधी कळला की मगच माणूस बाकीचं वाचू शकतो. आणि ‘निवड झालेली नाही’ असं सरळ लिहिलंय. ‘सध्या आपला विचार करता येत नाही’ असं लिहिलंत की तो ‘सध्या’ धरून बसतो, दर महिन्याला येऊन विचारतो.

कौतुक आहे, पण एकच, आणि ते घडलेल्या गोष्टीचं आहे. ‘तुम्ही कंपनीचे आधारस्तंभ आहात’ असं लिहिलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, मग घेतलं का नाही? सुटलेलं माप दाखवलं, हे खरंय, ते त्यालाही आठवतंय. ते वाक्य वाचल्यावर त्याला खात्री पटते की या लोकांनी माझी मुलाखत लक्ष देऊन ऐकली होती. मग खालची टीकाही तो मानतो.

टीकेबद्दल एक गोष्ट सांगतो. क्लुगर आणि डिनीसी यांनी १९९६ साली फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले, सहाशेहून जास्त निष्कर्ष होते. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो असं दिसलं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की बोलणं हातातल्या कामावरून सुटून माणसाच्या स्वतःवर जितकं सरकतं, तितका त्याचा उपयोग कमी होतो. आपल्या पत्रात ‘तुमची विश्लेषणक्षमता कमी आहे’ असं एकही वाक्य नाही. ‘हा प्रश्न तुम्ही घेतला नाहीत’ असं आहे. पहिलं वाक्य ऐकून माणूस घरी जाऊन काय करणार? क्षमता वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं? दुसरं ऐकल्यावर तो पुढच्या तक्रारीत तो प्रश्न विचारून पाहू शकतो. तुमचं वाक्य कुठल्या जातीचं आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. ते वाचून माणूस सोमवारी कामावर काय वेगळं करेल, हे तुम्हाला सांगता येतं का? नसेल येत तर वाक्य खोडा.

निवड झालेल्या माणसाचं नाव आणि त्याच्याशी तुलनाही पत्रात नाही. ‘तुमच्यापेक्षा त्यांचं इंग्रजी चांगलं’ असं एकदा लिहिलं की पुढची पाच वर्षं दोघांमध्ये ते वाक्य उभं राहतं. माणसाला जागेच्या गरजेशी ताडायचं, शेजाऱ्याशी नाही.

आणि सुपरवायझरने दोन तास मान्य केलेत, हे वाक्य लिहिण्याआधी खरोखर सुपरवायझरशी बोलायचं. रात्रपाळीतल्या माणसाला तुम्ही ‘एट-डी शिकून घ्या’ म्हणालात, तर तो कधी शिकणार? ज्या सूचनेला वेळ, माणूस आणि तारीख नाही, ती सूचना सभ्य भाषेतला निरोप असते.

पत्र कधी द्यायचं? आधी समोरासमोर बोलणं, वीस मिनिटं, दार बंद करून. त्याच दिवशी पत्र. आणि निवडीची नोटीस फलकावर लागायच्या आधी. उलट झालं तर सगळं वाया. त्याला जर चहाच्या टपरीवर कळलं की दुसऱ्याची निवड झाली, तर मागून आलेलं पत्र कितीही चांगलं असो, तो ते वाचणार नाही. बोलताना ‘त्या मुलाखतीबद्दल तुमचं स्वतःचं काय मत आहे?’ हे नकार सांगून झाल्यावर विचारायचं, आधी नाही. आधी विचारलं की माणसाला वाटतं अजून काही तरी उरलंय, तो बिचारा स्वतःची बाजू मांडत बसतो.

एक चिठ्ठी आलीय, वाचतो. ‘खरं कारण पत्रात लिहिण्यासारखं नसेल तर काय करावं? आमच्याकडे चांगल्या माणसाला सुपरवायझर सोडतच नाही.’ कुणी लिहिलंय विचारत नाही. (हशा.)

हे होतं, आणि पुष्कळ होतं. लाईन त्या माणसावर चालते, म्हणून त्याला अडवून ठेवतात. मग पत्रात काही तरी लिहायला हवं म्हणून लिहितात, ‘संवादकौशल्य वाढवा.’ मी असं होताना पाहिलंय. तो माणूस सहा महिने दर रविवारी क्लासला गेला, स्वतःचे पैसे भरून. पुन्हा जागा निघाली, पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच कारण आडवं आलं, कारण अडथळा कधी संवादाचा नव्हताच. त्याचे सहा महिने आपण एका वाक्याने खाल्ले.

माझं उत्तर असं आहे. पत्र लिहिताना लिहिण्यासारखं कारण सापडत नसेल, तर ते पत्राचं अपयश नसतं, निर्णय पुन्हा तपासायची ती वेळ असते. पत्राचा कच्चा मसुदा निर्णय पक्का करायच्या आधीच लिहून बघा. सुपरवायझर सोडत नाही हे कारण असेल, तर त्याला समोर बसवून तारीख ठरवता येते: बदली माणूस तयार करायला तीन महिने, मग याला सोडायचं. तसं ठरलं तर तो नकार राहतच नाही. वरिष्ठांनी तेही मान्य केलं नाही आणि ते तुमच्या हातात नसेल, तर निदान खोटी उणीव लिहू नका. ‘या वेळी तुमच्या विभागातून तुम्हाला मोकळं करता आलं नाही, तुमच्या मुलाखतीत कमतरता आढळलेली नाही’ एवढं खरं लिहा. त्याला राग येईल. पण तो राग खऱ्या गोष्टीवर असेल, आणि पुढे काय करायचं हे त्याला खऱ्या माहितीवर ठरवता येईल.

तसंच, पदवी किंवा डिप्लोमा हवा होता म्हणून नाकारलं असेल, तर ती अट जागेच्या नोटिशीतच असायला हवी. मुलाखत झाल्यावर काढलेली अट कुणालाच पटत नाही.

शेवटी त्या १५ सप्टेंबरबद्दल. पत्रातली ती तारीख सही करणाऱ्याने पत्र देण्याआधी स्वतःच्या डायरीत लिहायची असते. माझा अनुभव असा, की माणूस ती तारीख विसरत नाही. आपण विसरतो. तो त्या दिवशी दोन अहवाल हातात घेऊन दाराशी येतो आणि साहेब ऑडिटमध्ये असतात. मग वर लिहिलेलं सगळं पत्र त्याच्यासाठी पुन्हा इंग्रजीतल्या त्या तीन ओळींचं होऊन जातं. तेव्हा त्या दिवशी टेबलाशी बसा, अहवाल आधी वाचून ठेवा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा, की तपासणी होऊनही नग पुढे कसे गेले. बघा, या वेळी तो कुठपर्यंत जातो ते.